लिव्ह अँड लायसन्स कराराची ई-नोंदणी (महाराष्ट्र)

लिव्ह अँड लायसन्स कराराची ई-नोंदणी ही महाराष्ट्र शासनाच्या नोंदणी व मुद्रांक विभागाने उपलब्ध करून दिलेली सोय आहे. घर वा अन्य जागा ठरावीक मुदतीसाठी वापरायला देण्याचा करार दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात न जाता तिच्याद्वारे संगणकावर तयार करता येतो आणि नोंदवता येतो. विभागाचे हे संकेतस्थळ efilingigr.maharashtra.gov.in या पत्त्यावर आहे. पक्षकार स्वतः अर्ज भरू शकतात, अथवा विभागाने मान्यता दिलेल्या अधिकृत सेवा पुरवठादाराकडून तो भरून घेऊ शकतात. या अर्जातील तीन भाग करारानंतरच्या वादांच्या मुळाशी वारंवार असतात: जागामालकाचा तपशील, अनामत रक्कम आणि कराराच्या तारखा. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने या तीन भागांचा, आणि तोही राहत्या घराच्या करारापुरता, विचार केला आहे.

अर्ज हाच करार

बहुतेक सरकारी अर्जांत आपण माहिती देतो आणि तिच्या आधारे कार्यालय दाखला वा परवाना तयार करते. येथे तसे नाही. रकान्यांत भरलेली नावे, रकमा आणि तारखा कराराच्या तयार मसुद्यात आपोआप जाऊन बसतात, आणि त्याच मसुद्यावर पक्षकारांची छायाचित्रे व अंगठ्याचे ठसे घेतले जातात. म्हणजे अर्जात टंकलेला प्रत्येक अंक हा कराराचे कलमच असतो.

याला कायद्याने दिलेले वजनही मोठे आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याच्या कलम ५५ नुसार असा करार लेखी असणे व नोंदवलेला असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी जागामालकावर आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास वा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. शिवाय नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याविषयी राहणाऱ्याचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, खरे मानले जाते. ‘अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही’ हा समज राज्यात अजूनही पक्का आहे. त्याचे मूळ नोंदणी अधिनियम, १९०८ मध्ये आहे, कारण तेथे एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची केली आहे. महाराष्ट्रात मात्र कलम ५५ मुदतीचा भेद करीत नाही. अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो.

त्याच अधिनियमाचे कलम २४ राहण्यासाठी दिलेल्या जागेबद्दल आहे. मुदत संपताच जागा परत करणे राहणाऱ्यावर बंधनकारक आहे. त्याने ती सोडली नाही, तर मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळवू शकतो आणि मधल्या काळासाठी मासिक शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मागू शकतो. या कार्यवाहीत लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा समजला जातो. ‘तारीख चुकून पडली’, ‘रक्कम तोंडी वेगळी ठरली होती’ अशा सबबींना त्यामुळे फारशी जागा उरत नाही.

शब्दांविषयी

बोलण्यात आपण ‘घरमालक’, ‘भाडेकरू’ आणि ‘भाडे’ हेच शब्द वापरतो. करारात जागा देणाऱ्याला लायसन्सर, घेणाऱ्याला लायसन्सी आणि दरमहाच्या रकमेला परवाना शुल्क म्हणतात. हा केवळ शब्दांचा डौल नव्हे. भाडेपट्ट्याने जागेत काही एक हक्क निर्माण होतो. लायसन्सने फक्त वापरण्याची परवानगी मिळते आणि हक्क मालकाकडेच राहतो. पहिल्याची व्याख्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ मध्ये, तर दुसऱ्याची त्याच वर्षीच्या भारतीय सुविधाधिकार अधिनियमात आहे. या लेखात पुढे सोयीसाठी ‘मालक’ आणि ‘राहणारा’ हे शब्द वापरले आहेत.

मालकाचा तपशील

अर्जात प्रथम मालमत्तेची माहिती द्यावी लागते: जिल्हा, तालुका, गाव, सदनिकेचा क्रमांक, क्षेत्रफळ इत्यादी. ती साठवल्यावर अर्जाला एक टोकन क्रमांक मिळतो. तो आणि आपण ठरवलेला पासवर्ड जपून ठेवावा लागतो, कारण अर्धवट राहिलेला अर्ज पुन्हा उघडण्यासाठी तेच लागतात. त्यानंतर पक्षकारांची माहिती येते.

मालकाच्या रकान्यात कोणाचे नाव लिहायचे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नसतो. घराचे व्यवहार पाहणारा, किल्ली देणारा किंवा ज्याच्या बँक खात्यात पैसे जमा होतात तो मालक असतोच असे नाही. ज्याच्या नावे मालकीचा दस्त, म्हणजे खरेदीखत, बक्षीसपत्र वा तत्सम कागद आहे, त्याचे नाव तेथे यायला हवे. आईच्या नावावरील सदनिका मुलगा भाड्याने देतो, तेव्हा मालक म्हणून नाव आईचेच. मुलगा तिच्या वतीने सही करणार असेल, तर त्याच्याकडे कुलमुखत्यारपत्र असावे लागते आणि अर्जात त्याचा उल्लेख कुलमुखत्यार म्हणून स्वतंत्रपणे करावा लागतो. मालक परदेशी राहत असल्यास हे पत्र तेथील नोटरी वा भारतीय वकिलातीतील अधिकाऱ्यासमोर केलेले असावे.

सदनिका पती-पत्नी दोघांच्या नावे असेल तर दोघांचीही माहिती भरून दोघांनाही पक्षकार करणे योग्य. एकाच्याच नावाने करार उरकण्याची पद्धत रूढ आहे. पण पुढे सहमालकांत मतभेद झाले की ‘मी संमती दिलीच नव्हती’ हा मुद्दा उभा राहतो आणि त्याचा त्रास राहणाऱ्याला होतो. मूळ मालक हयात नसेल आणि दस्तावर त्याचेच नाव असेल, तर दिवंगत व्यक्तीला पक्षकार करता येत नाही. वारसांनीच करार करायचा असतो आणि आपण वारस कसे, हे दाखवणारे कागद त्यांच्यापाशी असावे लागतात. राहणाऱ्याने मालकीच्या दस्ताची किंवा त्याच्या सूची क्रमांक २ ची प्रत मागण्यात गैर काही नाही. किंबहुना ती पाहिल्यावाचून लाखभर रुपये अनामत देणे धाडसाचेच म्हणावे लागेल.

नावानंतर वय, पत्ता, पॅन आणि आधार क्रमांक विचारले जातात. पक्षकाराची ओळख आधारवरून पटवली जात असल्याने नाव आधारवर जसे आहे तसेच भरावे. मराठी माणसाच्या नावाची येथे बरीच ओढाताण होते. आधारवर वडिलांचे नाव मध्ये असते, खरेदीखतावर नुसते आद्याक्षर असते, आणि विवाहानंतर नाव बदललेल्या स्त्रीचे दोन्ही कागदांवर वेगळे आडनाव असते. रोमन लिपीत तर `Vidya` आणि `Vidhya` या एकाच व्यक्ती आहेत की दोन, असा प्रश्न पडतो. फरक किरकोळ असेल तर अडत नाही. आडनावच वेगळे असेल तर दोन्ही नावांचा संबंध दाखवणारा विवाह नोंदणी दाखला किंवा राजपत्रातील नावबदलाची प्रत हाताशी ठेवावी.

पत्त्याच्या रकान्यात एक गमतीदार चूक नेहमी आढळते. मालक स्वतःच्या निवासाच्या पत्त्याऐवजी भाड्याने द्यायच्या घराचाच पत्ता लिहितो, कारण आधारवर पुष्कळदा तोच असतो. कराराखालच्या सूचना मात्र याच पत्त्यावर पाठवायच्या असतात. मग राहणाऱ्याने ‘एका महिन्यात जागा सोडतो’ असे पत्र मालकाला पाठवले की पोस्टमन ते त्याच्याच दारात आणून देतो. मालकाने आपण सध्या राहतो तो पत्ता द्यावा, आणि राहणाऱ्याने आपला कायमचा पत्ता द्यावा.

अनामत रक्कम

अर्जात अनामतीसाठी दोन वेगळे रकाने असतात: परत करावयाची अनामत आणि परत न करावयाची अनामत. घरांच्या नेहमीच्या व्यवहारांत अनामत परतच करायची असते, म्हणून दुसऱ्या रकान्यात शून्य यायला हवे. रकाने जवळजवळ असल्याने आकडा चुकीच्या जागी पडतो, आणि मग करारातच ‘ही रक्कम परत मिळणार नाही’ असे लिहिले जाते. मुद्रांक शुल्कात त्यामुळे पडणारा फरक क्षुल्लक असतो. राहणाऱ्याची खरी हानी म्हणजे सबंध अनामतीवरील त्याचा हक्कच धोक्यात येतो.

मुद्रांक शुल्काचा हिशेब समजला तर हे रकाने वेगळे का ठेवले आहेत, हे ध्यानात येते. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूचीतील अनुच्छेद ३६-अ नुसार तीन रकमांची बेरीज करतात. पहिली, संपूर्ण मुदतीचे परवाना शुल्क. दुसरी, परत न करावयाची अनामत किंवा अधिमूल्य, पूर्णच्या पूर्ण. तिसरी, परत करावयाच्या अनामतीवर दरसाल १० टक्के दराने मुदतीभराचे व्याज. या बेरजेच्या ०.२५ टक्के म्हणजे शेकडा चार आणे इतके शुल्क होते. हे व्याज कोणी कोणाला देत नाही. ते केवळ हिशेबापुरते धरले जाते. कारण उघड आहे. मुंबईत मोठी अनामत घेऊन दरमहा काहीच न घेण्याचे व्यवहार होतात. व्याज धरले नसते तर अशा करारावर शुल्कच लागले नसते. दहा लाख रुपये अनामत आणि एक वर्षाची मुदत असेल, तर व्याज एक लाख धरले जाते आणि शुल्क २५० रुपये होते.

अनामत किती असावी? केंद्र सरकारच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरार कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या भाड्याची मर्यादा सुचवली आहे. पण तो एक नमुना आहे. एखाद्या राज्याने तसा कायदा केला तरच ती मर्यादा तेथे लागू होते. म्हणून अनामत ठरवताना त्या मर्यादेचा दाखला देऊन उपयोग नाही.

रकमेइतकाच तिच्या तपशिलाला अर्थ आहे. अनामत धनादेशाने दिली असेल तर क्रमांक, तारीख व बँक, आणि खात्यातून वळती केली असेल तर तारीख व व्यवहार क्रमांक लिहावा. अर्ध्या रकमेचा ‘टोकन’ म्हणून आधी भरणा झालेला असतो आणि उरलेली किल्ली घेताना द्यायची असते; अशा वेळी दोन्ही हप्ते वेगळे दाखवणे हिताचे. पूर्ण रक्कम मिळाली असे करारात लिहून घेतले की तो मजकूर पावतीसारखा वापरला जातो, आणि उरलेले पैसे आले नाहीत हे सिद्ध करण्याचे ओझे मालकावर पडते. याउलट, प्रत्यक्षात दिलेली अनामत कमी दाखवली तर न दाखवलेला भाग परत मागायला राहणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. शुल्काच्या चार पैशांसाठी असे करणे दोघांनाही परवडणारे नाही.

मुदत आणि तारखा

अर्जात मुदत महिन्यांत भरायची असते आणि ती जास्तीत जास्त ६० महिने असू शकते. सोबत आरंभाची आणि समाप्तीची तारीख असते. साधा नियम असा, की समाप्तीची तारीख ही आरंभाच्या तारखेच्या आदल्या दिवसाची असते. १५ जुलैला सुरू झालेला अकरा महिन्यांचा करार पुढच्या वर्षी १४ जूनला संपतो, १५ जूनला नव्हे. फेब्रुवारीत संपणाऱ्या करारात लीप वर्ष पाहावे: १ मार्च २०२५ पासूनच्या ३६ महिन्यांची अखेर २९ फेब्रुवारी २०२८ ला येते. मुदत आणि तारखा जुळत नसतील, तर जागा नेमक्या कोणत्या दिवशी सोडायची, याबद्दल एकाच करारात दोन उत्तरे निघतात. दुप्पट दराची नुकसानभरपाई ज्या दिवसापासून मोजायची, त्याच दिवसाविषयी हा गोंधळ असतो.

करारात तीन निरनिराळ्या तारखा येतात आणि त्या एकच असाव्यात असे नाही. एक करार सुरू होण्याची, दुसरी पक्षकारांनी निष्पादनाच्या वेळी ठसे देण्याची, तिसरी नोंदणी होण्याची. राहणारा १ तारखेला घरात आला, ठसे १० तारखेला दिले आणि नोंदणी १३ तारखेला झाली, तरी आरंभ म्हणून १ तारीखच लिहावी. नोंदणी अधिनियमाच्या कलम ४७ प्रमाणे नोंदवलेला दस्त नोंदणीच्या दिवसापासून नव्हे, तर तो अन्यथा ज्या दिवसापासून अंमलात आला असता त्या दिवसापासून अंमलात येतो. मर्यादा आहे ती दस्त सादर करण्याला: निष्पादनानंतर चार महिन्यांच्या आत तो सादर व्हायला हवा, पुढे आणखी चार महिन्यांपर्यंत दंड भरून सादर करता येतो.

समाप्तीची तारीख म्हणजे मधेच घर न सोडण्याचे बंधन नव्हे. तसे बंधन हवे असेल तर ‘लॉक-इन’ कालावधी आणि पूर्वसूचनेचा कालावधी हे स्वतंत्र रकाने भरावे लागतात. ते रिकामे ठेवून पुढे तोंडी ठरलेल्याची आठवण करून देणे व्यर्थ ठरते.

एक उदाहरण

नाशिक महानगरपालिका हद्दीतील एक सदनिका पती-पत्नीच्या संयुक्त नावे आहे असे समजू. मुदत ३६ महिने, आरंभ १ जून २०२५, समाप्ती ३१ मे २०२८. परवाना शुल्क पहिल्या वर्षी दरमहा १५,०००, दुसऱ्या वर्षी १६,००० आणि तिसऱ्या वर्षी १७,००० रुपये. परत करावयाची अनामत ८०,००० रुपये.

पहिल्या वर्षाचे १,८०,०००, दुसऱ्याचे १,९२,००० आणि तिसऱ्याचे २,०४,००० मिळून परवाना शुल्क ५,७६,००० रुपये होते. अनामतीवर वर्षाला ८,००० प्रमाणे तीन वर्षांचे व्याज २४,००० रुपये. बेरीज बरोबर ६,००,००० रुपये, आणि तिच्या ०.२५ टक्के म्हणजे १,५०० रुपये मुद्रांक शुल्क. शहरी हद्द असल्याने नोंदणी फी १,००० रुपये. ग्रामीण भागात ती ५०० रुपये असते. दस्त हाताळणीचे शुल्क वेगळे. हा भरणा शासनाच्या ‘ग्रास’ प्रणालीतून ऑनलाइन करता येतो.

आता नेहमीच्या चुका याच आकड्यांवर पाहू. अनामतीत एक शून्य अधिक पडून ८,००,००० झाले, तर व्याज २,४०,००० आणि शुल्क २,०४० रुपये होते. संगणकाने दाखवलेले शुल्क आपल्या हिशेबापेक्षा ५४० रुपयांनी जास्त दिसले, की शून्य मोजावे. तीच अनामत परत न करावयाच्या रकान्यात गेली, तर बेरीज ६,५६,००० आणि शुल्क १,६४० रुपये होते. परवाना शुल्क तीनही वर्षे सारखे, म्हणजे १५,००० असे भरले गेले, तर शुल्क १,४१० रुपये दिसते. फरक नव्वद रुपयांचा. पण पुढच्या दोन वर्षांच्या वाढीचे ३६,००० रुपये करारातून गळालेले असतात आणि ते मागण्याला मालकाकडे लेखी आधार उरत नाही. थोडक्यात, भरणा करण्यापूर्वी हा हिशेब कागदावर स्वतः मांडून पाहिला तर रकमेच्या बहुतेक चुका तेथेच उघड होतात. तारखेची चूक मात्र या मार्गाने कळत नाही. समाप्तीचे वर्ष २०२८ ऐवजी २०२७ पडले आणि महिन्यांचा आकडा ३६ च राहिला, तर शुल्कावरून संशय येईलच असे नाही. त्यासाठी मसुद्यातील मुदतीचे कलमच वाचावे लागते.

मसुदा, ठसे आणि दुरुस्ती

माहिती भरून झाल्यावर मसुदा पडद्यावर पाहता येतो. या टप्प्यापर्यंत प्रत्येक रकाना बदलता येतो. पक्षकारांनी ठसे दिल्यानंतर मजकूर गोठतो. सेवा पुरवठादाराचा प्रतिनिधी ठशांचे यंत्र आणि कॅमेरा घेऊन घरी येतो, पाच-दहा मिनिटांत काम उरकतो, आणि त्या घाईत मसुदा वाचायचा राहून जातो. तो आदल्या दिवशीच मागवून मालकाने व राहणाऱ्याने वेगवेगळा वाचलेला बरा. वाचताना आकडा आणि अक्षरी रक्कम जुळते का, हेही पाहावे. ज्येष्ठांच्या बोटांच्या रेषा पुसट झालेल्या असतात आणि यंत्र ठसा स्वीकारत नाही. अशा वेळी दुसरे बोट वापरून पाहतात किंवा बोट किंचित ओलसर करून पुन्हा प्रयत्न करतात.

सादर केलेला दस्त दुय्यम निबंधक तपासतो. त्रुटी आढळल्यास तो परत पाठवतो, नाहीतर नोंदणी करून दस्त क्रमांक देतो. ही तपासणी कागदोपत्री बाबींची असते. अनामत ८०,००० ठरली होती की ८,००,०००, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. नोंदणीनंतर दस्ताची प्रत आणि सूची क्रमांक २ उतरवून घेता येते. या एका पानात पक्षकारांची नावे, मालमत्ता, मोबदला आणि तारखा एकत्र दिसतात. त्यात चूक आढळली तर मूळ अर्ज उघडून ती सुधारता येत नाही. दोन्ही पक्षांनी मिळून चूक दुरुस्ती पत्र करावे लागते आणि तेही नोंदवावे लागते. एका पक्षाने नकार दिला, तर दुसऱ्याला दिवाणी न्यायालयाकडे जाण्यावाचून मार्ग उरत नाही.